संवादातली विरामचिन्हं : एका दीर्घकथेच्या संपादनाच्या नोंदी

४ ऑगस्ट

कथा हातात आली. टंकलिखित सुमारे ४० पानं. पुतणी कथा सांगते आहे. वाटणीच्या कागदावर झालेल्या एका सहीवरून दोन भावांचं घर दुभंगतं, ही गोष्ट. निम्म्याहून अधिक मजकूर संवादांचा. लेखिकेनं तो मोठ्या काळात तुकड्यातुकड्यांनी लिहिला असावा, कारण संवादाची चिन्हं प्रकरणागणिक बदलतात. पहिल्या प्रकरणात सरळ दुहेरी अवतरणं, दुसऱ्यात वळणदार एकेरी, मधल्या काही पानांवर नुसत्या आडव्या रेघेनं सुरू होणारी वाक्यं, शेवटी पुन्हा दुहेरी. सगळ्या संवादांना एकच पद्धत लावायची आणि ती लावताना एकाही वाक्याचा अर्थ हलू द्यायचा नाही, असं काम ठरलं आहे.

आज काहीही दुरुस्त केलं नाही. नुसतं वाचलं आणि एकच वाक्य किती तऱ्हांनी लिहिलं जातंय ते उतरवून काढलं.

आजी म्हणाली, "दार लावून घे."
आजी म्हणाली "दार लावून घे".
आजी म्हणाली की, 'दार लावून घे.'
आजी म्हणालीः- दार लावून घे.
"दार लावून घे", आजी म्हणाली.
"दार लावून घे." असं आजी म्हणाली.
— दार लावून घे, आजी म्हणाली.

यातली जवळजवळ प्रत्येक तऱ्हा मराठी छापील पुस्तकांत भेटते. त्यामुळे लेखिकेनं चुकीचं लिहिलंय असं म्हणता येत नाही. आपल्याकडे ही चिन्हं छपाईबरोबर, इंग्रजी वाचनातून आली. १९व्या शतकात ती मराठीत रुळवण्याच्या कामाशी मेजर थॉमस कँडी यांचं नाव जोडलेलं आहे. त्याआधीच्या पोथ्यांत दंड होता, अवतरण नव्हतं. कोण बोललं आणि बोलणं कुठं संपलं हे ‘म्हणे’, ‘ऐसे’, ‘म्हणोनि’ असे शब्दच सांगत. ते शब्द आजच्या मराठीतही ‘असं’, ‘म्हणून’, ‘की’ या रूपांनी तेच काम करतात, आणि वर चिन्हंही आहेत. माझ्या मते या कथेतला बराच गोंधळ त्यातूनच आला आहे. एकच काम शब्द करतोय आणि चिन्हही करतंय.

५ ऑगस्ट

पायाभूत निवड केली आणि नियमपत्रकात लिहिली. तोंडून निघालेलं बोलणं दुहेरी अवतरणात. मनातला विचार एकेरीत. बोलण्याच्या आत दुसऱ्याचं बोलणं आलं, तर तेही एकेरीत:

“मला काका म्हणाले, ‘कागद नीट वाच,’ आणि निघून गेले.”

उलट पद्धतही, म्हणजे बाहेर एकेरी आणि आत दुहेरी, तितकीच चालण्यासारखी आहे. दुहेरी निवडण्याचं कारण या कथेतच आहे. कथन करणारी पुतणी सतत मनाशी बोलते, आणि तिचं मनातलं बोलणं समोरच्याला ऐकू जात नाही यावर दोन प्रसंग उभे आहेत. विचार आणि उच्चार दिसायला वेगळे राहिलेच पाहिजेत. रेघेनं सुरू होणारे संवाद काढून टाकायचे, कारण त्या पद्धतीत बोलणं सुरू होतं ते कळतं पण संपतं ते कळत नाही. कथेत बोलणं आणि कृती एकाच परिच्छेदात येतात, तिथं ते निभणार नाही.

स्वल्पविरामाचा साधा नियमही लिहिला. सांगणारे शब्द आधी आले, तर त्यांच्यानंतर स्वल्पविराम. नंतर आले, तर बोलण्याच्या शेवटच्या पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम, आणि तो अवतरणाच्या आत, कारण तो पूर्णविरामाची जागा घेतोय आणि ती जागा आतच होती:

“दार लावून घे,” आजी म्हणाली.

प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर ते तसंच राहील, त्याला जोडून स्वल्पविराम नाही: “दार कुणी उघडलं?” आजीनं विचारलं.

सांगणारे शब्द बोलण्याच्या मध्ये आले तर त्यांच्यानंतर काय द्यायचं? यासाठी एक कसोटी पुरते. मधले शब्द काढून बोलणं सलग वाचायचं. “दार लावून घे आणि कडी घाल” असं एकच वाक्य असेल, तर “दार लावून घे,” आजी म्हणाली, “आणि कडी घाल.” पण “दार लावून घे. वारा सुटलाय” अशी दोन वाक्यं असतील, तर “दार लावून घे,” आजी म्हणाली. “वारा सुटलाय.” कथेत या दोन्हींच्या जागी सरसकट स्वल्पविराम आहेत.

इथे मराठीची एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. “तू हा कागद,” आजी म्हणाली, “कुणाला दाखवलास?” या वाक्यात ‘कागद’नंतरचा स्वल्पविराम आजीच्या बोलण्यात नाहीच, तो केवळ पद्धतीनं आला आहे. डोळा मात्र तिथे थांबतो. आजी खरोखर थांबली असेल तर हे वाक्य उत्तम आहे. नसेल, तर ‘आजीनं विचारलं’ पुढे न्यावं. अशा जागांवर खूण केली आहे, लेखिकेला विचारायचं.

७ ऑगस्ट

आजचा दिवस ‘असं’वर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

लेखिकेच्या लिहिण्यात ‘असं’ फार येतं: “दार लावून घे.” असं आजी म्हणाली. पूर्णविरामानं वाक्य संपलं, आणि मग ‘असं’नं पुन्हा उचललं. वाचणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. बऱ्याच ठिकाणी छापलं जातं तसं पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम देऊन पाहिलं: “दार लावून घे,” असं आजी म्हणाली. बरं दिसतं, पण मोठ्यानं वाचलं की स्वल्पविराम खोटा वाटतो. ‘घे’ आणि ‘असं’ यांच्यामध्ये कुणीही थांबत नाही. ‘असं’ हा शब्द मागचं सगळं बोलणं हातात धरून ‘म्हणाली’कडे नेतो. नेणारा शब्द आणि नेलेली वस्तू यांच्यामध्ये विराम कशासाठी?

म्हणून नियम असा केला. अवतरणानंतर ‘असं’, ‘असा’, ‘अशी’ किंवा ‘म्हणून’ आलं, तर अवतरणाच्या शेवटी स्वल्पविरामही नाही आणि पूर्णविरामही नाही:

“दार लावून घे” असं आजी म्हणाली.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मात्र टिकतात, कारण ती थांबा दाखवत नाहीत, सूर दाखवतात: “कोण आलंय?” असं तिनं आतूनच विचारलं.

नियम लावायला घेतल्यावर त्याची हद्दही दिसली. बोलणं एका वाक्याचं असेल तर सगळं ठीक. तीन वाक्यांचं असेल तर पहिल्या दोघांना पूर्णविराम आणि तिसरं उघडं:

“दार लावून घे. वारा सुटलाय. कंदील विझेल” असं आजी म्हणाली.

‘विझेल’ लटकतं. इथे स्वल्पविराम परत आणण्याचा मोह होतो. पण मग नियम ‘एक वाक्य असेल तर असं, अधिक असतील तर तसं’ असा होतो, आणि असा नियम पुढच्या माणसाला पाळता येत नाही. त्यापेक्षा तीन वाक्यांनंतर ‘असं’ची खरोखर गरज आहे का, हे पाहिलं. एवढं लांब बोलणं एका ‘असं’नं पेलत नाही, म्हणूनच ते कानाला अवघड वाटतं. अशा प्रत्येक जागी ‘असं’ गाळून साधी रचना सुचवली: “दार लावून घे. वारा सुटलाय. कंदील विझेल,” आजी म्हणाली. चिन्हाचा प्रश्न वाक्य बदलून सुटला, म्हणून प्रत्येक ठिकाणी समासात लेखिकेसाठी खूण. शब्द गाळायचा अधिकार माझा नाही.

‘म्हणून’चं थोडक्यात. “उद्या येतो म्हणून सांगून गेला” यासारख्या वाक्यांत आतल्या ‘उद्या येतो’ला वेगळं अवतरण देऊ नये; बोलणं वाक्यात पूर्ण विरघळलेलं आहे. तसंच ‘तो हो म्हणाला’, ‘ती नको म्हणाली’. इथे ‘हो’ आणि ‘नको’ हे क्रियापदाचेच भाग झालेत.

१० ऑगस्ट

‘की’. कथेतली सगळ्यात नाजूक जागा इथे सापडली.

लेखिका ‘की’ आणि अवतरण दोन्ही एकदम वापरते: काका म्हणाले की, “मी बघतो.” माझा सुरुवातीचा प्रस्ताव साधा होता. दोन्हींपैकी एकच ठेवायचं. नेमके शब्द महत्त्वाचे असतील तर ‘की’ जाईल: काका म्हणाले, “मी बघतो.” नुसता आशय पुरे असेल तर अवतरण जाईल: काका म्हणाले की मी बघतो. दुसऱ्या रचनेत ‘की’च्या पुढे-मागे स्वल्पविराम नको. लोक श्वास घेतात ‘की’नंतर, म्हणून स्वल्पविराम तिथे देतात, पण ‘की’ पुढच्या वाक्याचा शब्द आहे, त्याला त्याच्या वाक्यापासून तोडणं बरं नाही. आधीचं वाक्य फारच लांबलं तर स्वल्पविराम ‘की’च्या आधी द्यावा.

नियम ठीक आहे. पण सातव्या प्रकरणात हे वाक्य आलं, अवतरणाविना:

काकांनी बाबांना सांगितलं की मी सही केली आहे.

इथे ‘मी’ कोण?

मराठीत ‘की’नंतरचं वाक्य बहुतेकदा मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवतं. ‘काका म्हणाले की मी उद्या येईन’ यात येणारे काकाच. त्या हिशेबानं सही काकांनी केली, आणि काका भावापुढे कबुली देताहेत. पण कथा पुतणी सांगते आहे, आणि सांगणारीचा ‘मी’ही त्याच जागी बसू शकतो. त्या हिशेबानं सही पुतणीनं केली, आणि काका तिच्यावर बोट ठेवताहेत. साऱ्या कथेचा पेच या सहीवर, आणि वाक्य दोन्ही बाजूंना सारखंच झुकतं.

एरवी क्रियापद मदतीला येतं. ‘काकांनी सांगितलं की मी गेलो होतो’ म्हटलं तर काका गेले होते, ‘मी गेले होते’ म्हटलं तर पुतणी. पुरुष-स्त्रीचा फरक रूपातच दिसतो. पण ‘सही केली’ हा कर्मणी प्रयोग आहे. ‘केली’ हे रूप सहीच्या लिंगावरून ठरतं, करणाऱ्याच्या नव्हे. भर म्हणजे ‘मी’ला इथे ‘ने’ किंवा ‘नं’सुद्धा लागत नाही. वाक्यात करणाऱ्याचा माग काढायला एकही खूण उरत नाही.

आता कुणी नियमाप्रमाणे ‘की’ काढून अवतरण घातलं, तर वाक्य असं होईल: काकांनी बाबांना सांगितलं, “मी सही केली आहे.” मग ‘मी’ म्हणजे फक्त काका. वाक्य सुबक दिसेल, पद्धत पाळली जाईल, आणि कथा बदलली असेल. म्हणून हे वाक्य तसंच ठेवलं आणि बाजूला लिहिलं: ‘सही कुणाची?’

आधी केलेल्या ‘की’च्या सगळ्या जागा पुन्हा काढून, प्रत्येकीत ‘मी’, ‘तू’, ‘आज’, ‘उद्या’, ‘इथे’ यांपैकी काही आहे का ते पाहिलं. हे शब्द बोलणाऱ्याला चिकटलेले असतात. बोलणारा बदलला की त्यांचा अर्थ बदलतो, आणि अवतरण घालणं म्हणजे बोलणारा पक्का करणं. ज्या वाक्यांत यातलं काहीच नाही, तिथे बदल निर्धास्त करता येतो. नियमपत्रकात या शब्दांची यादी ‘की’च्या नियमाखालीच लिहिली, म्हणजे पुढचं प्रूफ वाचणारा तिथे थांबेल.

११ ऑगस्ट

लेखिकेशी फोनवर बोलणं झालं. सहीच्या वाक्याबद्दल आधी विचारलं.

“तिनंच केली आहे,” त्या म्हणाल्या. “काका खोटं बोलत नाहीत, हेच तर तिला सहन होत नाही. का, तसं वाचलं जात नाही?”

“दोन्ही वाचता येतं. आणि ज्याला काका आवडतात, तो काकांनी केली असंच वाचेल.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग काकांनाच बोलू दे.” आणि वाक्य फोनवरच सांगितलं:

“दादा,” काका बाबांना म्हणाले, “सही हिनं केली आहे.”

आता ‘मी’च नाही, आणि ‘दादा’ या हाकेनंतरचा थांबाही काकांच्या मनातला आहे. मधल्या सांगणाऱ्या शब्दांची तक्रार मी ५ तारखेला लिहिली होती. इथे तीच रचना अगदी योग्य जागी आली आहे, कारण थांबा बोलणाऱ्याचा आहे.

‘असं’ गाळायला त्यांनी बहुतेक ठिकाणी होकार दिला. दोन ठिकाणी नाही म्हणाल्या. तिथे आजी बोलते आणि “आजी बोलते तेव्हा मला ‘असं’ ऐकू येतंच,” असं त्यांचं कारण.

इथे माझाच नियम तपासावा लागला. वरच्या वाक्यात मी ‘येतंच’नंतर स्वल्पविराम दिला आहे आणि पुढे ‘असं’ आहे. पण ते ‘असं’ ‘त्यांचं कारण’ला जोडलेलं आहे, कुठल्या म्हणण्याच्या क्रियापदाला नाही. तरीही नियमात अपवाद नको. अवतरणापाठोपाठ ‘असं’ आलं की स्वल्पविराम जाईल, मग पुढे काहीही असो. पत्रकात तेच पक्कं केलं. त्या दोन जागी लेखिकेचे ‘असं’ राहतील आणि आधीची वाक्यं एकेकच असल्यानं ती लटकणारही नाहीत.

१३ ऑगस्ट

रेघ आणि टिंबं.

कथेत आडव्या रेघा तीन लांबीच्या आहेत: कीबोर्डावरचं छोटं संयोगचिन्ह, मध्यम रेघ आणि लांब रेघ. तिन्ही कुठेही कशाहीसाठी. भांडणाच्या प्रसंगात एकाच पानावर तिन्ही दिसतात.

संयोगचिन्ह फक्त जोडशब्दांसाठी ठेवलं: आई-बाबा, देणं-घेणं. त्याच्या आजूबाजूला जागा नाही. लांब रेघ (U+2014) दोन कामांसाठी, आणि काम कोणतं हे जागेवरून कळेल. बोलणं दुसऱ्यानं तोडलं तर रेघ शेवटच्या शब्दाला चिकटून, अवतरणाच्या आत:

“मी तुला तेव्हाच सांगितलं होतं—”
“तेव्हा नाही, नंतर.”

बोलणाऱ्याच्या बोलण्यात कृती घुसली आणि सांगण्याचं क्रियापद नाही, तर रेघा अवतरणाबाहेर, दोन्ही बाजूंना जागा सोडून:

“हा कागद” — तिनं तो उलटा केला — “तुला कुणी दिला?”

इथे स्वल्पविराम चालला नसता. ‘तिनं तो उलटा केला’ हे बोलणं सांगणारं वाक्य नाही. “हा कागद,” तिनं तो उलटा केला, “तुला कुणी दिला?” असं लिहिलं तर ‘उलटा केला’ हे ‘म्हणाली’सारखं वाचलं जातं. कथेत ‘हसली’, ‘उठली’, ‘मान वळवली’ ही क्रियापदं बऱ्याच ठिकाणी ‘म्हणाली’च्या जागी बसवलेली आहेत. तिथे स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम: “मला माहीत होतं.” ती हसली.

मध्यम रेघ या कथेत कशालाच लागत नाही. आकड्यांच्या मर्यादेसाठी ती वापरतात, पण संवादात ‘दहा ते बारा’ असंच बोललं जातं. तिला पूर्ण रजा.

टिंबांवर अधिक वेळ गेला. तोडलेलं बोलणं आणि विरलेलं बोलणं यांत फरक आहे. “मी तर फक्त—” म्हणजे समोरच्यानं तोडलं. “मी तर फक्त…” म्हणजे बोलणाराच थांबला. भांडणाच्या प्रसंगात कोण कुणाला बोलू देत नाही, हे या एका चिन्हावर ठरतं. पुतणीची पाच-सहा वाक्यं मूळ प्रतीत टिंबांनी संपतात, आणि त्यांच्यानंतर लगेच काकांचं वाक्य सुरू होतं. टिंबं ठेवली तर ती घाबरून थांबते, रेघ दिली तर काका तिला थांबवतात. दोन वेगळ्या मुली होतात. ही वाक्यं यादी करून लेखिकेकडे पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: पहिल्या दोनांत टिंबं, पुढे सगळीकडे रेघ. म्हणजे आधी ती स्वतःच गप्प होते आणि नंतर बोलू लागते तेव्हा तिला बोलू दिलं जात नाही. मूळ प्रतीत हा प्रवास दिसतच नव्हता.

टिंबं किती? लेखिका चार, पाच, सातसुद्धा देते; शांतता जितकी मोठी तितकी टिंबं जास्त. सगळीकडे एकच त्रिबिंदू (U+2026) केला आणि त्यानंतर वेगळा पूर्णविराम नाही. मोठी शांतता जिथे हवी, तिथे ती कथनाच्या वाक्यात यावी असं सुचवलं.

१४ ऑगस्ट

हातानं केलेलं काम शोध घेऊन तपासलं. मजकूर साध्या फाइलीत काढला, प्रत्येक परिच्छेद एका ओळीवर.

```
grep -nP '["\x27]' katha.txt
grep -nP '—“' katha.txt
grep -nP '”,' katha.txt
grep -nP '[.,]” (असं|असा|अशी|म्हणून)' katha.txt
grep -nP '[ािीुूेो]ः(?=[\s“-])' katha.txt
```

पहिला शोध उरलेली सरळ अवतरणं दाखवतो. दुसऱ्यामागे एक नेहमीचं कारण आहे. टंकन करताना सॉफ्टवेअर सरळ चिन्हाचं वळणदार करतं, आणि रेघेनंतर आलेलं अवतरण ‘सुरू होणारं’ समजतं. त्यामुळे तोडलेल्या बोलण्याच्या शेवटी बंद होणाऱ्याऐवजी उघडणारं चिन्ह बसतं. आपल्या नियमात रेघेला चिकटून “ कधीच येत नाही, घुसलेल्या कृतीनंतर मध्ये जागा असते, म्हणून हा शोध जिथे थांबतो तिथे चूकच असते.

पाचवा शोध ‘म्हणालीः’ पकडतो, म्हणजे अपूर्णविरामाच्या जागी बसलेला विसर्ग. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून वाचताना निसटतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर अपूर्णविरामाच्या कळीला ‘छ’ येतो आणि विसर्ग हाताशी असतो, त्यामुळे टंकन करणारे तोच देऊन मोकळे होतात. ‘स्वतः’, ‘मुख्यतः’ यांसारखे खरे विसर्ग साध्या अक्षरानंतर येतात, काना-मात्रेनंतर शब्दाच्या शेवटी सहसा येत नाहीत. म्हणून शोधात मात्रांची यादी आहे. त्याच कीबोर्डावर अवतरणाच्या कळीला ‘ट’ आणि ‘ठ’ येतात. भाषा बदलायची राहिली की संवादाच्या तोंडाशी एक ‘ठ’ उगवतो. `ठ[अ-औ]` शोधलं, कारण ‘ठ’नंतर लगेच ‘आ’ किंवा ‘ए’सारखा सुटा स्वर खऱ्या शब्दात येत नाही. एक सापडला: ‘ठआजी’.

मग उघडणारी आणि बंद होणारी अवतरणं जुळतात का ते:

```
for n, p in enumerate(open("katha.txt", encoding="utf-8"), 1):
    if p.count("“") != p.count("”"):
        print(n, p[:50])
```

यादीत काकांचं लांब भाषण आलं. ती चूक नाही. एकाच माणसाचं बोलणं अनेक परिच्छेदांत चालतं, तेव्हा प्रत्येक परिच्छेदाला उघडणारं चिन्ह द्यायचं आणि बंद फक्त शेवटच्याला. एकेरी चिन्हांवरही हीच मोजणी चालवली. मराठीत ती चालते, कारण शब्दाच्या मध्ये येणारं लोपाचं एकेरी चिन्ह आपल्याकडे जवळजवळ नाही. अपवाद ’७५ साल अशा आकड्यांचा. अवतरणानंतर लगेच अक्षर आलं म्हणून चूक समजू नये, हेही पत्रकात लिहिलं. ‘सही’ला, ‘दादा’नंतर असे प्रत्यय अवतरणाबाहेर चिकटूनच येतात.

मोजणी जुळली तरी चिन्ह योग्य जागी आहे असं नाही. “आजी उठली. दार लावून घे.” यात उघडणारं एक, बंद होणारं एक. पण ‘आजी उठली’ हे कथन अवतरणात गिळलं गेलंय. असलं काही पकडायला वाचण्याशिवाय उपाय नाही.

१६ ऑगस्ट

म्हणून आज मोठ्यानं वाचन. फक्त संवाद, कथन सोडून.

बोलण्याच्या आतले स्वल्पविराम यातच सापडतात. नवव्या प्रकरणात बाबा विचारतात, “तू कोर्टात जाणार नाहीस ना?” आणि पुतणीचं उत्तर मूळ प्रतीत: “नाही जाणार.” दोन पानांनंतर ती जाते. लेखिकेला विचारलं, तिला खोटं बोलायला लावायचंय का? नाही, ती त्याच वेळी ठणकावून सांगते आहे. म्हणजे हवं होतं ते “नाही, जाणार.” एक स्वल्पविराम आला आणि नकाराचा होकार झाला. तरीही नुसत्या चिन्हावर एवढा भार टाकू नये, डोळा ते सहज ओलांडतो. लेखिकेनं शेवटी “नाही. मी जाणार” केलं.

हाकेनंतर स्वल्पविराम सगळीकडे ठेवला. “आजी आली” आणि “आजी, आली” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यात आजीला कुणीतरी आल्याचं सांगितलं जातंय. ‘अगं’, ‘अरे’, ‘अहो’ यांच्यापाठोपाठ नाव आलं तर मध्ये विराम नाही, नावानंतर आहे: “अगं आई, ऐक.” नाव नसेल तर त्यांच्याचनंतर: “अगं, ऐक तर.” वाक्याच्या शेवटी येणारे ‘रे’, ‘गं’, ‘ना’, ‘बरं का’ यांच्याआधी विराम नको. “ये, रे” लिहिलं की जवळीक जाते.

१८ ऑगस्ट

सगळे शोध पुन्हा चालवले. सरळ अवतरण नाही, ‘असं’आधी स्वल्पविराम नाही, मोजणीच्या यादीत फक्त काकांचं भाषण. नियमपत्रक एका पानात बसलं. प्रत्येक नियमासमोर कथेतलंच एक वाक्य. मजकूर आणि पत्रक दोन्ही अक्षरजुळणीला पाठवली.

जुळणी करणाऱ्यासाठी एक सूचना वेगळी लिहिली. ओळ मोडताना लांब रेघेच्या आधीही मोडू शकते. मग “मी तर फक्त” एका ओळीच्या शेवटी राहतं आणि —” पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटं पडतं, तोडलेलं बोलणं तोडल्यासारखं वाचलं जात नाही. रेघेआधी न मोडणारा अदृश्य जोड (U+2060) घालता येतो, पण पान जुळवणारं सॉफ्टवेअर तो मानतं का, हे जुळलेलं पान पाहूनच कळेल. पहिलं प्रूफ आलं की भांडणाच्या प्रसंगाची पानं आधी पाहायची, ओळींची सुरुवात वरून खाली वाचत.